मदत हवी आहे: वॉटरफॉल चार्टमध्ये शेवटचा खांब हवेत लटकतोय

रानजाई: उद्या सकाळी भागीदारांची बैठक आहे. आमच्या मसाल्याच्या कारखान्याचा नफा ८४ लाखांवरून ६१ लाखांवर का आला, ते दाखवायचंय. एक्सेलमध्ये चार्ट केला, पण शेवटचा ६१ चा खांब जमिनीवर न बसता ६१ पासून १२२ पर्यंत गेलाय. दोन तास त्यातच गेले. लवकर सांगा.

चौकट: एक्सेल कोणतं? मधले आकडे काय? नफा करापूर्वीचा की नंतरचा?

जुनाजाणता: सरळ स्टॅक्ड कॉलम घ्या आणि खालच्या भागाचा रंग काढून टाका. मी वर्षानुवर्षं तेच करतोय.

चौकट: दादा, मधेच बेरीज शून्याखाली गेली की ती युक्ती फसते.

जुनाजाणता: इथे कुठे तोटा आहे?

रानजाई: एक्सेल २०१९, करापूर्वीचा नफा. विक्री +१२०, कच्चा माल -९५, मजुरी -२२, व्याज -१४, इतर -१२.

चौकट: बेरीज बरोबर ६१ येते, म्हणजे आकडे चोख आहेत. एक्सेल तुमच्या ६१ ला आणखी एक वाढ समजतंय. त्या खांबावर एकदा क्लिक केलंत की सगळेच खांब निवडले जातात. थोडं थांबून पुन्हा क्लिक करा, म्हणजे तो एकटाच उठून दिसेल. मग राइट क्लिक करून `Set as total`. ८४ लाही तसंच करा, म्हणजे त्याचाही रंग बेरजेचा होईल.

गावकरी: आमच्या डेअरीत पाय चार्ट लावतात, सगळ्यांना कळतो.

रानजाई: बसला! खूप आभार.

ताळेबंद: थांबा ताई. विक्री +१२० आणि माल -९५ असे दोन मोठे खांब पाहून भागीदार म्हणतील, खरेदी हाताबाहेर गेली. पण जास्त विकलं तर माल जास्त लागणारच. विक्री किती होती, किलो किती वाढले?

रानजाई: विक्री ६०० ची ७२० झाली, माल ३०० चा ३९५. किलो १० टक्क्यांनी वाढले. मिरची फार महागली.

ताळेबंद: मग जुन्याच भावाने विक्री ६० ने वाढली असती आणि माल ३० ने. निव्वळ +३० हा जास्त विक्रीचा खांब. उरलेले ६० तुम्ही भाव वाढवल्याचे, आणि -६५ माल महागल्याचे. पुढचं तसंच ठेवा, शेवट ६१ च येईल. आता दिसतं की भाववाढीने मिरचीची महागाईसुद्धा पुरती भरून निघाली नाही.

चौकट: पण वाढीव १० टक्के मालावरची भाववाढ तुम्ही भावाच्या खांबात टाकलीत. ती विक्रीवाढीतही बसते की.

ताळेबंद: बसते. आमच्याकडे भावात धरतात. कुठेही धरा, पण दर वर्षी तिथेच धरा.

जुनाजाणता: मी ती वेगळा खांब करून दाखवतो.

रानजाई: मजुरीही अशीच फोडू का? आठ माणसं नवीन घेतली होती.

ताळेबंद: नवीन माणसांचा पगार किती आणि जुन्यांची वाढ किती, ते आधी टाका.