मदत हवी आहे: सीओपीडीच्या पेशंटचा एबीजी, बायकार्ब मधेच लोंबकळतंय

नमस्कार मंडळी, नाशिकला मेडिसिनमध्ये इंटर्नशिप करतेय. निफाडकडचे साठीतले आजोबा, जुने बिडीवाले, थंडीत धाप वाढून आले. एबीजी: पीएच ७.२८, पीसीओटू ७०, बायकार्ब ३२.

पीएच कमी आणि पीसीओटू जास्त, म्हणजे रेस्पिरेटरी ॲसिडोसिस. इथवर सरळ आहे. मग भरपाईचा हिशोब केला. पीसीओटू ४० पेक्षा ३० ने वर आहे. हे नुकतंच झालं असतं तर दर १० मागे बायकार्ब १ ने वाढून २७ च्या आसपास असतं. जुनंच असतं तर दर १० मागे साधारण ४ ने, म्हणजे ३६ पर्यंत गेलं असतं. आमचं ३२.

सर म्हणाले, "ॲक्यूट ऑन क्रॉनिक आहे, बायपॅप लाव." लावला, तासाभराने पीएच ७.३३ आला. उपचाराचा प्रश्न मिटला, माझा नाही.

कारण हेच आकडे दुसऱ्या दोन जोड्यांतूनही येतात ना? एक, जुना रेस्पिरेटरी ॲसिडोसिस आणि त्यावर मेटाबॉलिक ॲसिडोसिस. लॅक्टेट १.४ आणि ॲनायन गॅप नॉर्मल, त्यामुळे ही शक्यता बरीच मागे पडते. दोन, नवा ॲसिडोसिस आणि फ्युरोसेमाइडने चढलेलं बायकार्ब. आजोबा पायाच्या सुजेसाठी ती गोळी घेतात! क्लोराइड कमी आहे, पण ते जुन्या सीओटूमुळेही कमी होतंच.

बरे असतानाचा एबीजी घरच्यांकडे नाही. अशा वेळी तुम्ही कशावरून ठरवता? जुन्या रक्ततपासणीतलं बायकार्ब मिळालं तर तेवढ्यावर भागतं का?