पहिला सायकोसिस: एमआरआय नॉर्मल आला म्हणून विषय संपला का?

निशिगंधा: टॉकसाठी स्लाइड केली आहे: "एमआरआय नॉर्मल आणि रक्तातली अँटिबॉडी निगेटिव्ह असेल, तर ऑटोइम्यून एन्सेफलायटिस बाद." काही सुचवायचंय?

विसुनाना: ही स्लाइड काढून टाका, कुणाचा तरी जीव जाईल. एनएमडीए रिसेप्टरच्या निम्म्याहून जास्त रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मलच असतो. संशय हिस्टरीवरून यायला हवा. 21 वर्षांची मुलगी घ्या. आठवडाभर डोकेदुखी, कणकण. मग झोप उडाली, घरच्यांवर संशय. दहाव्या दिवशी बोलणं तुटलं, तेच दोन शब्द परत परत. हॅलोपेरिडॉल 5 मिलिग्रॅम दिलं आणि अंग ताठ, ताप, सीपीके वर. शेरा पडला न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमचा. औषध थांबवून ताठपणा उतरला, पण ओठ चावणं आणि जिभेचे चाळे सुरूच राहिले. खरी खूण ती होती. ईईजीत सगळीकडे संथ डेल्टा, पाठीतल्या पाण्यात 30 लिम्फोसाइट. अँटिबॉडी पाण्यात पॉझिटिव्ह, रक्तात निगेटिव्ह. मग अंडाशयात टेराटोमा सापडला.

रोहन_सायक: म्हणूनच सांगतो, पहिल्या सायकोसिसच्या प्रत्येकाचं सीरम पॅनल पाठवा.

विसुनाना: आत्ताच रक्त निगेटिव्ह होतं हे वाचलंत ना? शिवाय धडधाकट माणसांतही कमी टायटर पॉझिटिव्ह निघतं. सगळ्यांचं पाठवाल, तर खऱ्या स्किझोफ्रेनियाच्या पोरांना विनाकारण स्टिरॉइड मिळतील.

अनघा डी.: माझ्याकडे 66 वर्षांचे गृहस्थ आहेत, सोडियम 122, एक हात आणि त्याच बाजूचा चेहरा क्षणभर आखडतो, दिवसातून कितीदा तरी. एनएमडीए रक्तात आणि पाण्यात दोन्हीकडे निगेटिव्ह. म्हणजे यांना एन्सेफलायटिस नाही असंच ना?

विसुनाना: नाही! हे चित्र एलजीआय1चं आहे. ती अँटिबॉडी मागवलीच नसेल तर सापडणार कुठून? आणि तिच्यासाठी पाण्यापेक्षा रक्तच जास्त भरवशाचं.

रोहन_सायक: मग रक्त बिनकामाचं म्हणून मला का झापलंत?

विसुनाना: बिनकामाचं म्हटलं नाही. एकटं रक्त पुरत नाही, एवढंच. संशय असेल तर दोन्ही एकाच दिवशी पाठवा.

रोहन_सायक: बरं, सरसकट पॅनल मागे घेतो. पण लंबर पंक्चर कुणाचं? ज्याला फक्त आवाज ऐकू येतात, त्याचं नातेवाईक करू देत नाहीत.

अनघा डी.: त्याचं नकोच. तीन महिन्यांच्या आत वेगाने चढलेला आजार, आणि जोडीला कॅटाटोनिया, फिट, गुंगी किंवा नाडी-बीपीचे चढउतार यातलं एक जरी असलं, तरी करायचं.

रोहन_सायक: फक्त वेगाने चढलेला, बाकी काही नाही, तर?

विसुनाना: ईईजी करा, आणि हालचाल व बोलणं रोज तपासा. फक्त मानसिक लक्षणांवर थांबणारे रुग्ण थोडे असतात, बहुतेकांत काही आठवड्यांत न्यूरोलॉजिकल खूण उमटते. त्या थोड्यांचं लंबर पंक्चर करावं की नाही, यावर आमच्या विभागातही एकमत नाही.

निशिगंधा: स्लाइड काढली. पण रिपोर्टला दोन आठवडे लागतात. तोवर मिथाइलप्रेडनिसोलोन सुरू करायचं का?

विसुनाना: पाण्यात पेशी आहेत, ईईजी संथ आहे, हर्पिसची पीसीआर निगेटिव्ह आली आहे, तर थांबू नका. रोज 1 ग्रॅम, पाच दिवस.

रोहन_सायक: आणि पाणी स्वच्छ निघालं तर? तिथे मी अजूनही थांबेन.