मदत हवी आहे: एजंटकडचे कन्सॉलिडेटर भाड्याचे तिकीट आणि परतीची तारीख बदलण्याचा प्रश्न

प्राजक्ता_पुणे

माझे आईवडील जानेवारीत मुंबईहून शिकागोला जाणार आहेत. बहिणीचे बाळंतपण फेब्रुवारीत आहे आणि परतीची तारीख सध्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातील धरली आहे, पण बाळाची आणि बहिणीची तब्येत पाहून मुक्काम जूनपर्यंत वाढण्याची बरीच शक्यता आहे. एका आखाती विमान कंपनीच्या संकेतस्थळावर माणशी १,३४,००० रुपये भाडे दिसते, तर आमच्या ओळखीचे एजंट त्याच कंपनीचे, त्याच विमानांचे तिकीट १,१६,५०० रुपयांना देत आहेत. हे "कन्सॉलिडेटरचे भाडे" आहे, एवढेच ते सांगतात. तारीख बदलता येईल का, असे विचारल्यावर "येईल, चार्ज लागेल" असे उत्तर मिळाले. संकेतस्थळावरच्या तिकिटाला बदलासाठी ६,००० रुपये आणि भाड्यातील फरक, असे स्पष्ट लिहिलेले आहे. एजंटकडे माणशी १७,५०० रुपये कशामुळे वाचतात आणि परतीची तारीख बदलायची वेळ आली तर नेमके काय अडते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

सह्यकडा

विमान कंपन्यांच्या न खपलेल्या जागा मोठे व्यापारी आगाऊ पैसे भरून घाऊक विकत घेतात आणि मग त्या थोड्या नफ्यावर काढतात. जागा त्यांनी आधीच विकत घेतलेली असल्यामुळे कंपनीचा तिच्याशी संबंध उरत नाही आणि म्हणून तारीख बदलता येत नाही. माझ्या मते, मुक्काम अनिश्चित असेल तर या भाड्याच्या वाटेला जाऊच नये.

तिकीटघर

मी मुंबईत एका कन्सॉलिडेटरच्या तिकीट विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सह्यकडा म्हणतात तसा व्यवहार असतो, पण तो वेगळा. त्याला आमच्याकडे सिरीज फेअर किंवा फिक्स्ड डिपार्चर म्हणतात. त्यात एजंट ठरावीक तारखांच्या ठरावीक जागा अनामत भरून अडवतो, प्रवाशांची नावे नंतर देतो, आणि अशा तिकिटाची तारीख खरोखरच बदलत नाही. मुंबई–दुबईसारख्या मार्गांवर सुट्टीच्या दिवसांत असे बरेच चालते. प्राजक्ताताईंना सांगितलेले भाडे तसे दिसत नाही, कारण एजंट बदलाला तयार आहे.

कन्सॉलिडेटर बहुतेक वेळा एकही जागा विकत घेत नाही. त्याचा विमान कंपनीशी करार असतो आणि त्या करारात मार्गानुसार, बुकिंग क्लासनुसार, म्हणजे एकाच विमानातील जागांच्या स्वस्त-महाग गटांनुसार, कमी भाडी ठरलेली असतात. ही भाडी संकेतस्थळावर दिसत नाहीत. ती फक्त त्या कन्सॉलिडेटरच्या संगणकावर उघडतात. कंपनीला यात फायदा असा की, जाहीर भाडे न उतरवता तिला रिकाम्या जागा भरता येतात. जाहीर भाडे उतरवले तर कंपनीच्या खर्चाने जाणारा अधिकारीही तेच घेईल आणि स्पर्धक कंपनीही लगेच भाडे उतरवील. मुलाबाळांना भेटायला जाणारे आईवडील मात्र चार ठिकाणी चौकशी करून स्वस्त तिकीट शोधतात, म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचणारी सवलत कंपन्या या आडवाटेने देतात. शिवाय वर्षभरातील विक्रीचा ठरलेला आकडा गाठला की कन्सॉलिडेटरला वेगळा मोबदला मिळतो, आणि त्या भरवशावर तो आपले मार्जिन कमी ठेवू शकतो.

तुमच्या ओळखीचे एजंट बहुधा या साखळीतील शेवटची कडी आहेत. स्वतः तिकीट काढण्यासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेची मान्यता आणि बँक गॅरंटी लागते. ती लहान कार्यालयांना परवडत नाही, म्हणून ते कन्सॉलिडेटरच्या पोर्टलवरून तिकीट घेतात आणि त्यावर आपले शे-पाचशे किंवा हजार-दोन हजार लावतात. बदल करायचा झाला की याच साखळीतून उलटे जावे लागते: तुम्ही एजंटला सांगणार, एजंट कन्सॉलिडेटरला आणि कन्सॉलिडेटर तिकीट नव्याने काढणार.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा असून मर्चंट नेव्हीत आहे. माझे तिकीटही कंपनीचा एजंट अशाच खास भाड्याने काढतो आणि ते संकेतस्थळापेक्षा स्वस्त असते. तरीही जहाज बंदरात उशिरा लागले की तारीख बदलून मिळते, बहुतेक वेळा काहीही न भरता, आणि सामानही ४० किलो नेता येते. त्यामुळे स्वस्त तिकीट म्हणजे अडचणीचे, असे सरसकट म्हणू नये. प्राजक्ताताईंनी एजंटकडे तेच भाडे मागावे.

तिकीटघर

दर्यावर्दी, तुमचा अनुभव खरा आहे. पण ते सीमन भाडे आहे आणि सीडीसी, म्हणजे जहाजावरील नोकरीची अधिकृत पुस्तिका, दाखवल्याशिवाय ते कुणाला मिळत नाही. जहाजाची वेळ कुणाच्याच हातात नसते हे धरून तो करार केलेला असतो, म्हणून त्यात बदलाची मोकळीक असते. यावरून एक गोष्ट मात्र नीट कळते की, बंधने स्वस्ताईमुळे आपोआप येत नाहीत. करारात जी लिहिली तीच लागू होतात. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांच्या भाड्यात ती बहुधा कडक असतात.

आता तारखेचा प्रश्न. समजा, तुमच्या एजंटच्या भाड्यात कंपनीचा बदल-आकार १२,००० रुपये आहे आणि एजंट व कन्सॉलिडेटर मिळून सेवाशुल्क ३,००० घेतात. (हे आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत.) एक बदल १५,००० रुपयांना पडला, संकेतस्थळावरच्या तिकिटाला तो ६,००० ला पडला असता. म्हणजे ९,००० रुपये जास्त गेले, तरी सुरुवातीला वाचलेल्या १७,५०० पैकी ८,५०० हातात राहिले. एकाच बदलाने एजंटचे तिकीट महाग ठरत नाही. दुसरा बदल करावा लागला, तर मात्र आणखी ९,००० जाऊन तुम्ही ५०० रुपये तोट्यात येता.

पण हा हिशेब नव्या तारखेला त्याच बुकिंग क्लासमध्ये जागा असेल तरच टिकतो. जूनमध्ये अमेरिकेतील शाळा सुटतात आणि तिकडची आपली कुटुंबे भारतात यायला निघतात, त्यामुळे शिकागोहून मुंबईकडे येणाऱ्या विमानांतील स्वस्त क्लास लवकर संपतात. वरच्या क्लाससाठी कन्सॉलिडेटरच्या करारात भाडे असेल, तर त्या दोन भाड्यांमधील फरक भरावा लागतो. त्या क्लासला करारच नसेल, तर तिकीट जाहीर भाड्यावर न्यावे लागते आणि तुमची सगळी बचत त्या एका बदलात संपू शकते. विमानात जागा रिकामी दिसते, तरी एजंट मोठी रक्कम सांगतो, तेव्हा लोकांना फसवणूक वाटते. पुष्कळदा कारण हे असते.

मीनल_न्यूजर्सी

माझ्या सासूसासऱ्यांच्या वेळी प्रश्न तारखेचा नव्हता, पैशांचा होता. २०२० मध्ये कंपनीने उड्डाणच रद्द केले. कंपनीला फोन केला तर "तुमचे तिकीट एजंटने काढले आहे, त्यांच्याशी बोला" आणि एजंटला केला तर "वरून पैसे आलेले नाहीत", असे कित्येक महिने चालले. शेवटी पैसे मिळाले, पण आम्ही भरलेल्या रकमेपेक्षा कमी. कंपनीनेच उड्डाण रद्द केले असताना एजंटला पैसे कापण्याचा अधिकार आहे का, हे मला अजून कळलेले नाही.

तिकीटघर

मीनलताई, कंपनी तिला मिळालेली रक्कमच परत करते, आणि एजंटने वर लावलेले पैसे तिच्या हिशेबात कधी आलेलेच नसतात. ते एजंटने परत करावेत की नाही, हे त्याने पावतीवर काय लिहून दिले आहे यावर येते आणि तिथे वाद होतात. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात, कंपनीने पैसे दिल्यावर एजंटने ते प्रवाशाला ताबडतोब द्यावेत, असे सांगितले होते. एजंटच्या सेवाशुल्काबाबत मात्र आमच्या धंद्यातही एकमत नाही.

प्राजक्ता_पुणे

सर्वांचे आभार. एजंटकडून याच भाड्याच्या एका जुन्या प्रवाशाच्या तिकिटाचा नमुना, नाव झाकून, मागवला आहे. त्यावर भाड्याच्या जागी आकडा नसून `IT` एवढेच छापले आहे आणि खाली `NON END/REF AND CHG RESTRICTED` असे आहे. याचा अर्थ बदल होणारच नाही, असा घ्यायचा का? शिवाय शिकागोला गेल्यावर बहीण तिथल्या विमान कंपनीच्या कार्यालयातून बदल करून घेऊ शकेल का?

तिकीटघर

`IT` किंवा `BT` दिसले की समजावे, भाडे कराराचे आहे आणि ते प्रवाशाला दाखवायचे नाही. याच कारणाने खर्चाच्या रकमेवर माइल्स देणाऱ्या योजनांमध्ये अशा तिकिटावर माइल्स अंतरावरून मोजले जातात किंवा मिळतच नाहीत. खालची ओळ "परतावा आणि बदल यांवर बंधन आहे" एवढेच सांगते. बंधन किती, हे फेअर रूलमध्ये असते. एजंटकडून त्या नियमाचा मजकूर लेखी मागवा आणि त्यात चार गोष्टी पाहा: प्रवास सुरू झाल्यावर बदलाचा आकार किती, बदल एकदाच की पुन्हा पुन्हा, विमान चुकल्यास काय, आणि कमाल मुक्काम किती. शेवटची गोष्ट तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. काही कराराच्या भाड्यांत कमाल मुक्काम तीन किंवा चार महिन्यांचाच असतो. तसे असेल तर जानेवारीत गेलेले तिकीट जूनमध्ये आणताच येणार नाही, मग तुम्ही कितीही पैसे भरायला तयार असा.

शिकागोतील कार्यालयाबद्दल: कंपनीने स्वतः वेळ बदलली किंवा उड्डाण रद्द केले, तर ती थेट मदत करते. तुमच्या इच्छेने बदल करायचा असेल, तर बहुतेक वेळा एजंटकडेच पाठवते, कारण कराराचे भाडे तिच्या काउंटरवरून काढता येत नाही.

सह्यकडा

माझ्या मेहुण्याचे तिकीट कंपनीने विमानतळावर थेट बदलून दिले होते, तेही एजंटकडचेच होते. म्हणून तो मार्ग अगदीच बंद आहे, असे मला वाटत नाही.

तिकीटघर

होते तसे, विशेषतः प्रवासाच्या दिवशी, पण ते त्या कंपनीच्या धोरणावर आणि काउंटरवरच्या माणसावर अवलंबून असते, आणि आकारणी जाहीर भाड्याने होऊ शकते. त्यावर बेत आखू नये.

प्राजक्ता_पुणे

एजंटचे लेखी उत्तर आले. कमाल मुक्काम सहा महिने, परतीचा बदल १२,५०० रुपये अधिक फरक, आणि विमान चुकल्यास आणखी १५,०००. सेवाशुल्क "त्या वेळी सांगू" असे लिहिले आहे.

तिकीटघर

सहा महिने असेल, तर जून बसतो. सेवाशुल्काचा आकडा मात्र तिकीट काढण्याआधी लिहून घ्या. आणि एप्रिलमध्ये नवी तारीख ठरलेली नसली, तरी जुने विमान सुटण्याच्या किमान दोन-तीन कामाचे दिवस आधी ती परतीची जागा एजंटकडून सोडवून घ्या, म्हणजे ते १५,००० लागणार नाहीत. इथला रविवार आणि तिथली रात्र यांत वेळ जातो, म्हणून हे व्हॉट्सॲपवर लेखी कळवा आणि जागा सोडल्याची खात्री कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून स्वतः करून घ्या.