शब्दचर्चा : रात्री लिहिलेलं उत्तर खोडायचं, पुसायचं की गाळायचं?

ऐरोलीकर
एक लघुकथा लिहितोय. घणसोलीत भाड्याने राहणारा इंजिनिअर, वय एकतीस. ज्या कंपनीची स्वप्नं कॉलेजपासून पाहिली तिथल्या रिक्रूटरचा मेल दुपारी आलाय. रात्री पावणेबाराला तो उत्तर लिहायला बसतो, लिहितो आणि काढून टाकतो, असं तीनदा. मी तिन्ही ठिकाणी ‘खोडलं’ लिहिलं होतं. बायको म्हणाली, फोनवर खोडतात कुठे? ‘डिलीट केलं’ लिहायचं नाहीये. काय लिहू?

पाटीपेन्सिल
‘पुसलं’ लिहा. खोडणं म्हणजे रेघ मारणं, खालचा शब्द वाचता येतो. स्क्रीनवर मागे काहीच राहत नाही, म्हणून ‘खोडलं’ चूकच.

मोडीवाचक
अर्धं बरोबर आहे. पण मग खोडरबराचं काय करायचं? तो तर रेघ मारत नाही, अक्षर घालवतो, आणि तरी नाव ‘खोड’वरूनच. ‘मुद्दा खोडून काढला’मध्येही कागद नाही की रेघ नाही. तेव्हा ‘खोडणे’ चूक नाही, फक्त त्यात विरोधाचा सूर आहे: आधी म्हटलेलं आता मान्य नाही.

आणखी एक जुनी रीत सांगतो. पोथीत चूक झाली की लेखक त्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचा. हरताळ म्हणजे पिवळं खनिज, विषारी. पोथ्यांचे कागदही पुष्कळदा पिवळसर, त्यामुळे लेप सहसा डोळ्यांत भरत नसे, आणि वरून नवं अक्षर लिहिता यायचं. ‘हरताळ फासणे’ तिथून आलं. (बंदचा हरताळ वेगळा, तो हाटाला टाळं लागण्याचा.) म्हणजे मराठीकडे तीन गोष्टी आहेत: खोडलेलं दिसतं, हरताळाखालचं झाकलेलं असतं, पुसलेलं जातं. तुमचा माणूस तिन्ही वेळा एकच गोष्ट करतो का?

घणसोली स्टेशन
नोटीस पिरियड किती आहे त्याचा? माझा नव्वद दिवसांचा होता. पहिल्याच मेलमध्ये खरं सांगितलं, तर पलीकडून पुढे उत्तरच आलं नाही. त्याला सांगा, आधी ऑफर घे, मग बायआउटचं बोल.

ऐरोलीकर
अहो, तो कथेतला आहे! पण नव्वद दिवस त्यालाही आहेत, म्हणून तीन मसुदे सांगतोच. पहिला लांबलचक: आभार, कौतुक, कॉलेजातली आठवण. वाचून लाज वाटते, सगळं निवडून एका झटक्यात घालवतो. दुसऱ्यात नोटीस पिरियडचं वाक्य लिहितो आणि तेवढंच काढतो. तिसऱ्यात अपेक्षित पगार 32 लाख लिहितो, मग 28, मग परत 32.

मोडीवाचक
मग तीन क्रियापदं आपोआप मिळाली. पहिल्याला ‘पुसलं’, पाटी फडक्याने पुसतात तसं. तिसऱ्याला ‘खोडलं’, कारण 28 चा आकडा 32 शी भांडतोय आणि दोन्ही त्याच्या डोक्यात वाचता येतात. दुसऱ्याला मी ‘गाळलं’ म्हणेन. गाळण्यात बाकीचं जागेवर राहतं आणि जागा रिकामी दिसते. ‘गाळलेल्या जागा भरा’ आपण सगळ्यांनी सोडवलंय. रिक्रूटर नोटीस पिरियड विचारणारच. ती जागा त्याला भरावी लागणार आहे, हे वाचकाला त्या एका शब्दातून कळेल.

पाटीपेन्सिल
‘वगळलं’ का नको?

मोडीवाचक
वगळणं यादीतून होतं, ठरवून, दिवसाढवळ्या. पावणेबाराला नाही. अर्थात हे माझं कानाचं मत.

ठाणे पूर्व
मुळात काही पुसलं जातं का? मेलची खिडकी नुसती बंद केली तर जीमेल मसुदा स्वतःच साठवतं, सकाळी तो ड्राफ्ट्समध्ये बसलेला असतो. मसुदा टाकून दिला तर मात्र तो ट्रॅशमध्येही जात नाही. खाली काही क्षण ‘अनडू’ दिसतं, तेवढीच संधी. नायक कोणतं बटण दाबतो ते ठरवा, क्रियापद त्यावर आहे.

ऐरोलीकर
ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. पहिला मसुदा तो टाकून देतो. तिसरा बहुधा नुसती खिडकी बंद करून सोडतो. आणि ‘मसुदा’ शब्द फार सरकारी वाटतोय, ‘खर्डा’ चालेल?

मोडीवाचक
‘मसुदा’च्या मुळाशी अरबीत काळेपणा आहे, शाईने काळं केलेलं. ‘खर्डा’ जवळचा आहे, पण लगेच खर्डेघाशी आठवते. कोल्हापूरकराला मिरच्या आठवतील.

ऐरोलीकर
सध्या असं केलंय: ‘पहिलं पत्र त्याने पुसलं. दुसऱ्यातलं नव्वद दिवसांचं वाक्य गाळलं. तिसऱ्यात बत्तीस खोडून अठ्ठावीस केले, अठ्ठावीस खोडून बत्तीस, आणि खिडकी मिटली.’

पाटीपेन्सिल
‘खिडकी मिटली’? खिडकी लावतात, डोळे मिटतात.

घणसोली स्टेशन
28 पासून सुरुवात करू नका म्हणावं. आणि नोटीसचं वाक्य ठेवा, मी वर उलटं सांगितलं होतं, पण पुढच्या वेळी मी लपवलं आणि शेवटच्या फेरीत अडकलो.