श्वासचाचणी निगेटिव्ह, पण गोळी चालू होती

«आईची श्वासाची टेस्ट निगेटिव्ह आली. पॅन्टोप्राझोल रोज सकाळी चालूच आहे. जळजळ थांबेना, तांबडा रस्सा बंद केलाय, एवढ्यावर भागंल काय?»

ही टेस्ट जठरातला हेलिकोबॅक्टर हा जंतू शोधते. रस्सा बंद केल्यानं तो जात नाही, आणि गोळी चालू असताना आलेल्या निगेटिव्हवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

हेलिकोबॅक्टर युरिएज या एन्झाइमनं युरिया फोडतो. त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. अमोनिया आम्ल मारतो, म्हणून जंतू जठरात तगतो. युरिया आत घेणारी त्याची वाट आम्ल वाढलं की उघडते, कमी झालं की मिटते. चाचणीत खूण केलेल्या कार्बनचा युरिया प्यायला देतात आणि तोच कार्बन श्वासात येतो का बघतात. पॅन्टोप्राझोलनं आम्ल घटतं, वाट मिटते, जंतूही कमी होतात. मग श्वासात काही येत नाही.

म्हणून शेवटची गोळी 1 तारखेला घेतली, तर चाचणी 16 नंतर करा. अँटिबायोटिक किंवा बिस्मथ घेतलं असेल तर पुरते चार आठवडे थांबा. मधल्या काळात जळजळीला साधं अँटासिड चालतं. अल्सरमधून रक्त गेलेलं असेल किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

शौचाच्या अँटिजेन चाचणीत युरिएज नव्हे, जंतूची प्रथिनं शोधतात. तरी जंतूच कमी झालेले असल्यानं गोळीचा पथ्यकाळ तिलाही तोच. शौच पाण्यासारखी पातळ असेल त्या दिवशी नमुना देऊ नका, प्रथिनं विरळ होतात. रक्तातल्या अँटिबॉडीच्या चाचणीवर पैसे घालू नका, जंतू गेल्यावरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह येते.