लॅक ओपेरॉनचे फसवे ऑप्शन कसे कापता? मदत हवी आहे
सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेसची तयारी चालूये, पार्ट सी मध्ये प्रश्न 4 मार्कांचा आणि चुकला की 1 कट, म्हणून अंदाजपंचे टिक मारवत नाही. हे बघा:

`I^s O^+ Z^+ Y^- / I^+ O^c Z^- Y^+`

लॅक्टोज आहे, ग्लुकोज नाही, काय बनेल? आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक 'I^s डॉमिनंट, म्हणून काहीच नाही' यावर अडून बसलेत. अर्धं खरंच आहे ते, सुपर-रिप्रेसर इंड्युसरला दाद देत नाही आणि पेशीत कुठेही जाऊ शकतो, पण O^c वर तो नीट बसतच नाही आणि O^c चं राज्य फक्त स्वतःच्या डीएनएवर, म्हणजे Z बंद, Y कायम चालू.

मी ऑप्शन झाकून आधी O बघते, त्याला जोडलेले धड जीन्स लिहिते, मग रिप्रेसर. इथे जमतं. पण नॉकआउटच्या प्रश्नात 'जीन गरजेचा आहे' आणि 'एकटा पुरेसा आहे' हे शेजारी शेजारी देतात, वर रेस्क्यूचा डेटा पण, तेव्हा गोची होते. नॉकआउटने फक्त गरज कळते आणि रेस्क्यूने दोष त्याच जीनचा होता एवढंच, 'पुरेसा' म्हणायला जिथे तो एरवी नसतो तिथे चालू करून बघायला हवं, बरोबर ना? असे प्रश्न तुम्ही कागदावर कसे मांडता, कोणी एखादा सोडवून दाखवाल का?