कथेची सुरुवात कापायची तर ठेवायचं काय?

नवलेखक_नाशिक
दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारावर कथा लिहिली आहे. सुरुवात अशी:

"सूर्य मावळतीला झुकला होता. गोदेचं संथ पाणी सोन्यासारखं चमकत होतं. अवकाळी पावसाने होत्याचं नव्हतं केलं होतं. माधवरावांच्या मनात विचारांचं काहूर माजलं. काळजात चर्र झालं. पोरीच्या लग्नाचं आता कसं होणार, या विचाराने त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा अश्रू वाहू लागले."

एकाने सांगितलं, हे सगळं काढून टाक. मला पटत नाही. भावना सांगितलीच नाही तर वाचकाला कळणार कशी? असल्या कोरडेपणामुळेच हल्लीच्या कथा कुणी वाचत नाही.

जेलरोडकर
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कोरडी तुमची सुरुवात आहे. अश्रू घळाघळा वाहतायत आणि मला माधवरावांबद्दल काहीही वाटत नाही, कारण हा माणूस मला अजून दिसलेलाच नाही.

बाग दिंडोरीत, मग संध्याकाळी हा गोदेकाठी काय करतोय? त्या भागातून कादवा वाहते. आणि नुकताच अवकाळी पाऊस झालाय, आभाळ भरलेलं असणार, मग सोनेरी पाणी आलं कुठून? तुम्ही ते पाहिलेलं नाही, ते आयतं हाताशी आलं. विचारांचं काहूर नापास झालेल्या मुलाच्या मनातही माजतं आणि लग्न मोडलेल्या मुलीच्याही. जे वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही कथेत ठेवता येतं, ते या कथेचं नाही. आणि सहाव्या वाक्यात माणूस रडून मोकळा झाला, तर पुढची दहा पानं कशासाठी वाचायची?

मी असं केलं असतं:

"पाऊस थांबला तसे माधवराव बॅटरी घेऊन बागेत गेले. पहिल्या ओळीतला एक घड त्यांनी तळहातावर घेतला. चार-पाच मणी उभे तडकले होते. दुसऱ्या ओळीत त्यांनी घडांना हात लावला नाही, खाली बोदावर उजेड टाकत चालत राहिले. घरात आल्यावर सुमनने विचारलं, 'किती गेला माल?' 'चहा टाक,' ते म्हणाले. मग कपाटातून व्यापाऱ्याने दिलेला विसार काढला आणि नोटा मोजायला बसले."

घडांवरून उजेड खाली गेला, तिथे त्याची भीती आली. लग्नाचं इथे बोलायचंच नाही. हे पैसे कशासाठी ठेवले होते ते दुसऱ्या पानावर कळू द्या, तोवर नोटा वाचकाच्या डोक्यात राहतील. आणि काहूर काढून त्याजागी 'आवंढा गिळला', 'मूठ आवळली', 'ओठ थरथरले' घालू नका. तेही तितकंच घासलेलं आहे, फक्त मनातून अंगावर आलंय.

सरळसोट
एवढं लिहायची गरज नव्हती. विशेषण दिसलं की उडवायचं, 'वाटलं' दिसलं की उडवायचं. झालं काम.

जेलरोडकर
उडवून बघा ना. "सूर्य झुकला होता. पाणी चमकत होतं. माधवराव रडले." आता ती सुरुवात छोटी झाली, चांगली झाली का? काढून भागत नाही, त्याजागी पाहिलेलं काहीतरी यावं लागतं. आणि 'उभे तडकले' यातलं 'उभे' तुमच्या नियमाने कटलं असतं. मणी कसा फुटतो ते त्या एका शब्दात आहे.

सरळसोट
'वाटलं'बद्दल तरी माझं बरोबर आहे.

जेलरोडकर
ते बरोबर आहे. निम्म्या वेळा.

वाचनवेडी
जेलरोडकर, तुमचा परिच्छेद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "पैसे मोजायला का बसला? कंजूष आहे का?" तुम्ही म्हणता वाचकाला आपोआप कळतं. कोणत्या वाचकाला? 'काळजात चर्र झालं' हे आमच्या घरात रोज बोललं जातं. कुणी पडलं, कुणाचा फोन रात्री आला, की हेच तोंडात येतं. लोकांची बोली तुम्ही घासलेली ठरवणार आणि मग लोक वाचत नाहीत म्हणून तक्रार करणार. एकांतात डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी लिहिणं वेगळं आणि ऐकणाऱ्यासाठी वेगळं. ऐकणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही.

जेलरोडकर
बोलीला मी हात लावलेला नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. सुमनच्या तोंडी 'चर्र झालं' असेल तर जरूर ठेवा, कारण तिथे ते तिचं बोलणं आहे. निवेदकाने ते म्हटलं की त्याने बघणं सोडलं. सासूबाईंचा प्रश्न मात्र खरा आहे. नोटांपाशी त्या चुकल्या असतील तर तिथे एक धागा कमी पडतोय. 'परत मागितला तर' एवढे तीन शब्द सुमनच्या तोंडी द्यावे लागतील.

निफाडचा बागाईतदार
साहित्यातलं कळत नाही, पण बागेतलं कळतं. पाऊस थांबल्याबरोबर बॅटरी मारली तर बहुतेक नुसते ओले घड दिसतात. तडे हळूहळू पडत जातात, खरा प्रकार सकाळी कळतो. आणि मण्यात पाणी उतरल्यानंतरच्या पावसात माल तडकतो. 2023 च्या नोव्हेंबरात आमच्याकडे गारपीट झाली, तेव्हा नुकसान वेगळं होतं: घड झोडपले गेले, काड्या मोडल्या, पानं फाटली. तुमची कथा कोणत्या महिन्यातली ते आधी ठरवा.

आता विसाराचं. परत कोण मागतो? पाऊस झाला की व्यापारी फोनच उचलत नाही. माझा एकरभर माल नेला, चेक दिला, तो वटला नाही. घरी गेलो तर भाड्याची खोली, कुलूप. यावर लिहा कथा.

पिंपळगावकर
सगळ्या व्यापाऱ्यांना चोर म्हणू नका. माझा भाऊ याच धंद्यात आहे. तडकलेला एक घड पेटीत गेला की त्याच्या रसाने शेजारचे घड कुजतात आणि लांबच्या बाजारात पोचेपर्यंत अख्खी पेटी फेकावी लागते. तो तोटा कोण भरतं? वरचा थर निवडक लावून खाली तडकलेला माल घालणारे बागाईतदार मी डोळ्यांनी पाहिलेत.

निफाडचा बागाईतदार
आमच्या बागेत माल तुमचीच माणसं तोडतात आणि तुमचीच भरतात. खालचा थर मी कधी लावला? भावाला विचारा आणि मग बोला.

पिंपळगावकर
सगळीकडे तशी पद्धत नाही. आणि आवाज खाली ठेवा, मी तुमचे पैसे बुडवलेले नाहीत.

हस्ताक्षर
माझी कथा एका दिवाळी अंकाने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून परत पाठवली होती. इथे मूळ परिच्छेदात शुद्धलेखन बरोबर दिसतंय, मग लोकांचा आक्षेप कशाला आहे?

वाचनवेडी
शुद्धलेखनाचा विषयच नाही. वरून वाचा.

नवलेखक_नाशिक
द्राक्षाचे पैसे वसूल झाले असतील तर कथेकडे येऊ या का?

सूर्य आणि गोदा काढली. कादवेचं ऐकून राग आला होता, पण माझा मामाच दिंडोरीचा आहे, त्याच्या शेतातून गोदावरी दिसत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. वेळ सकाळची केली, महिना फेब्रुवारीचा. आता असं आहे:

"उजाडल्यावर माधवराव बागेत शिरले. पहिल्या ओळीतला एक घड तळहातावर घेतला. चार-पाच मणी उभे तडकले होते, त्यांवर माश्या बसल्या होत्या. दुसऱ्या ओळीत ते खाली बघत चालले. घरी सुमनने विचारलं, 'किती गेला?' त्यांनी कपाटातून विसाराच्या नोटा काढल्या. 'परत मागितला तर?' ती म्हणाली. 'माझ्या तर काळजात चर्र झालं बाई.' माधवराव मोजत राहिले."

पण लग्न दुसऱ्या पानावर ढकलणं मला मान्य नाही. बागाईतदाराच्या डोक्यात त्या क्षणी तेच असतं. ते लपवलं तर मी वाचकाशी लपंडाव खेळतोय असं होईल.

जेलरोडकर
माश्या छान आहेत, मला सुचल्या नव्हत्या. 'माझ्या तर' आणि 'बाई' काढा, सुमन नवऱ्याशी बोलतेय, शेजारणीशी नाही. लग्नाबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्याच्या डोक्यात आहे म्हणून निवेदकाने लगेच सांगायला हवं असं नाही.

वाचनवेडी
सासूबाईंना नवीन वाचून दाखवलं. म्हणाल्या, "पोरीचं लग्न असेल जवळ." मी लग्नाचा शब्दही काढला नव्हता. तरी माझं म्हणणं कायम आहे, त्या निफाडच्याच आहेत. मुंबईच्या माणसाला वाचून दाखवा आणि मग सांगा.

निफाडचा बागाईतदार
माश्यांपेक्षा गांधीलमाश्या लिहा. तडकलेल्या मालावर त्याच आधी येतात. आणि पिंपळगावकर, भावाने काय सांगितलं ते अजून कळवलं नाहीत.